गुरू संततीचा, शुक्र जोडीदाराचा: नैसर्गिक कारकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका शिकणाऱ्यांकडून आणि स्वतःची पत्रिका घेऊन बसलेल्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर मुद्दाम संतती आणि विवाह या दोन विषयांवर ठेवला आहे. कारक ग्रहांचा सर्वाधिक उपयोग आणि सर्वाधिक गैरवापर या दोन ठिकाणीच होतो. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नैसर्गिक कारक म्हणजे नेमके काय? प्रत्येक पत्रिकेत तोच ग्रह कारक असतो का?

हो, प्रत्येक पत्रिकेत तोच. लग्न बदलले की स्थानांचे स्वामी बदलतात. मेष लग्नाला पंचमेश रवी, तर कर्क लग्नाला मंगळ. पण संततीचा कारक दोन्हीकडे गुरूच राहतो. कोणत्या विषयाचा स्वभावतः प्रतिनिधी कोणता ग्रह, हे शास्त्राने ठरवून दिले आहे आणि म्हणूनच त्याला नैसर्गिक कारक म्हणतात.

मुख्य कारक असे: पित्याचा रवी, मातेचा चंद्र, भावंडांचा आणि जमिनीचा मंगळ, वाणी, विद्या आणि मामाचा बुध, संतती, धन आणि ज्ञानाचा गुरू, जोडीदार, वाहन आणि सुखोपभोगाचा शुक्र, आयुष्य, कष्ट आणि नोकरचाकरांचा शनी. राहू-केतूंना बरेच जण आजोबांचे कारक मानतात, पण रोजच्या पत्रिका वाचनात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

2. स्थान आणि स्थानेश पाहिला की झाले ना? कारक वेगळा कशासाठी पाहायचा?

कारण एकाच स्थानात अनेक विषय राहतात. चतुर्थस्थान घ्या. आई, घर, वाहन, शालेय शिक्षण, मनाचे स्वास्थ्य हे सगळे तिथेच. चतुर्थेश षष्ठात गेला आणि त्याच्यावर शनीची दृष्टी आहे, एवढे कळले तरी त्रास आईला, घराला की गाडीला, हे त्यावरून कळत नाही. तिथे कारक निवाडा करतो. चंद्र उत्तम, शुक्र उत्तम, पण मंगळ बिघडलेला असेल, तर आईच्या तब्येतीची भीती घालण्याऐवजी जागेच्या व्यवहारात सावध राहायला सांगणे योग्य. चंद्र क्षीण आणि शनीने पीडित असेल, तर रोख आईकडे आणि मनःस्वास्थ्याकडे वळतो.

पंचमाचेही तसेच. संतती, बुद्धी, मंत्रोपासना, पूर्वपुण्य आणि आजच्या काळात शेअर बाजारही त्याच स्थानावरून पाहिला जातो. पंचम बिघडलेले दिसले की थेट ‘संततीला अडचण’ म्हणणारे गुरूकडे बघायलाच विसरलेले असतात. स्थान विषयांचा गठ्ठा हातात देते आणि त्यातला कोणता कागद बाहेर काढायचा ते कारक दाखवतो.

3. मग तिघांपैकी कोणाला किती महत्त्व द्यायचे?

क्रम असा ठेवावा: आधी स्थान (त्यात कोण बसले आहे, कोणाची दृष्टी आहे), मग स्थानेश (कोणत्या राशीत, कोणत्या स्थानात, कोणाच्या युतीत), मग कारक. तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर फलित ठामपणे सांगता येते. दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल, तर दोघांच्या बाजूने जावे आणि तिसऱ्याकडे ‘कशा प्रकारे’ याचे उत्तर शोधावे. उदाहरणार्थ, स्थान आणि स्थानेश बलवान पण कारक दुर्बळ असेल, तर गोष्ट घडते, मात्र तिचे सुख कमी पडते किंवा उशिरा लाभते. उलट, स्थान आणि स्थानेश कमकुवत पण कारक बलवान असेल, तर त्या विषयाची ओढ असते, लोकांची मदतही मिळते, पण प्रत्यक्ष फळासाठी झगडावे लागते.

एकटा कारक कधीच निकाल देत नाही. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

4. माझ्या मुलीचा गुरू मकरेत, म्हणजे नीच आहे. तिला मूल होणार नाही असे सांगितले. हे खरे का?

फक्त एवढ्यावरून कोणी असे सांगितले असेल, तर ते चुकीचे आहे. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो. मकरेतल्या गुरूच्या त्या वर्षात जगभर जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत गुरू नीचच असणार. त्या सगळ्या पिढीला संतती नाही असे होत नाही. शुक्र एका राशीत साधारण महिनाभर राहतो आणि वक्री झाला तर बराच जास्त. त्याच्या बाबतीतही हीच गोष्ट लहान प्रमाणात लागू होते.

म्हणून कारकाच्या राशीला एकटे वजन देऊ नये. तो या विशिष्ट लग्नाला कोणत्या स्थानात पडला, तिथे त्याच्याबरोबर कोण आहे, तो ज्या राशीत आहे तिचा स्वामी कुठे आहे, नवमांशात आणि सप्तमांशात तो कुठे जातो, हे सगळे त्या व्यक्तीचे स्वतःचे असते. मकरेतला गुरू आणि मकरेतच स्वगृहीचा शनी असेल तर नीचभंगाचा विचार करावा लागतो. गुरू नीच पण सप्तमांशात कर्केत असेल तर चित्र आणखी बदलते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. संतती होत नसेल तर पती-पत्नी दोघांनी आधी डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी. पत्रिका त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

5. ‘कारको भावनाशाय’ म्हणजे गुरू पंचमात असला की संततीची हानी, हे कितपत खरे?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची येतात. सूत्राचा आशय असा की, ज्या विषयाचा जो कारक, तो त्याच विषयाच्या स्थानात बसला तर त्या विषयाला बाधा करतो. गुरू पंचमात, शुक्र सप्तमात, मंगळ तृतीयात, चंद्र चतुर्थात, रवी नवमात. याला परंपरेने मानलेला ठळक अपवाद म्हणजे अष्टमातला शनी. तो आयुष्याचा कारक असून आयुष्याच्या स्थानात बसला तरी दीर्घायुष्य देतो असे मानतात.

व्यवहारात हे सूत्र जसेच्या तसे लावले तर फसते. ज्योतिषी ते काही अटींसह वापरतात. कारक त्या स्थानात एकटा आहे, शत्रुराशीत किंवा नीच राशीत आहे, पापग्रहांनी पीडित आहे आणि स्थानेशही दुर्बळ आहे, तर सूत्राला धार येते. कारक स्वराशीत किंवा मित्रराशीत असेल, त्याला शुभग्रहांची दृष्टी असेल, स्थानेश सावरलेला असेल, तर ‘नाश’ या शब्दाचा अर्थ अपेक्षेपेक्षा कमी संख्या, उशीर किंवा त्या विषयाची जास्त काळजी एवढाच घ्यावा. पंचमातला गुरू असलेले अनेक पालक मुलांच्या शिक्षणाबद्दल आणि वळणाबद्दल फार दक्ष असतात.

याच परिस्थितीची एक पूर्ण पत्रिका प्रश्न 7 मध्ये सोडवून दाखवली आहे.

6. कारकापासून स्थान मोजणे म्हणजे काय? गुरूपासून पंचम, शुक्रापासून सप्तम असे का बघतात?

लग्नापासून जसे पंचम मोजतो तसे कारकाला लग्न मानून मोजायचे. पाराशरी परंपरेत ही यादी ठरलेली आहे: रवीपासून नवम पित्यासाठी, चंद्रापासून चतुर्थ मातेसाठी, मंगळापासून तृतीय भावंडांसाठी, बुधापासून षष्ठ मामासाठी, गुरूपासून पंचम संततीसाठी, शुक्रापासून सप्तम जोडीदारासाठी आणि शनीपासून अष्टम आयुष्यासाठी.

मोजताना कारक ज्या राशीत आहे ती पहिली धरावी. गुरू वृश्चिकेत असेल तर वृश्चिक एक, धनू दोन, मकर तीन, कुंभ चार, मीन पाच. मीन राशीत कोण आहे, मीनेचा स्वामी कसा आहे, मीनेवर कोणाची दृष्टी आहे, हे पाहायचे. नवशिके बहुतेक वेळा पुढच्या राशीपासून मोजायला सुरुवात करतात आणि एका राशीने चुकतात.

याचा मोठा फायदा म्हणजे जन्मवेळ शंकास्पद असतानाही हे वाचन करता येते. लग्न कर्क की सिंह अशी शंका असेल तर लग्नापासूनचे पंचम डळमळते, पण गुरूपासूनचे पंचम तेच राहते. जुन्या पत्रिकांमध्ये ‘पहाटे’, ‘दिवेलागणीला’ अशी वेळ लिहिलेली असते. तिथे याचा फार आधार वाटतो. अर्थात प्रश्न 4 मधली मर्यादा इथेही आहेच.

7. एखादी पत्रिका सुरुवातीपासून सोडवून दाखवाल का?

समजावण्यासाठी एक पत्रिका घेऊ. कर्क लग्न. लग्नी मंगळ 16 अंश. द्वितीयात सिंह राशीत रवी 11 अंश आणि वक्री शुक्र 6 अंश. तृतीयात कन्येचा बुध. चतुर्थात तूळ राशीचा शनी 7 अंश. पंचमात वृश्चिकेत गुरू 9 अंश आणि केतू 27 अंश. दशमात मेषेचा चंद्र 11 अंश. लाभात वृषभेचा राहू.

आधी संतती पाहू. पंचमात गुरू-केतू आणि समोरून राहूची दृष्टी. घाईत बघणारा इथेच थांबेल आणि ‘कारको भावनाशाय, वर केतू’ म्हणून मोकळा होईल. पण गुरू आणि केतू यांच्यात 18 अंशांचे अंतर आहे. रास एक असली तरी ही घट्ट युती नाही. गुरू मित्राच्या, म्हणजे मंगळाच्या राशीत आहे. स्थान मिश्र, असे नोंदवू.

आता पंचमेश मंगळ. तो कर्केत नीच आहे आणि त्याच्यावर शनीची दहावी दृष्टी आहे. या दोन गोष्टी वाईट. पण कर्केचा स्वामी चंद्र लग्नापासून केंद्रात, दशमात आहे, म्हणून नीचभंग होतो. शिवाय चंद्र मंगळाच्या राशीत आणि मंगळ चंद्राच्या राशीत, म्हणजे लग्नेश आणि पंचमेश यांचा अन्योन्य योग. आणि पंचमातल्या गुरूची नववी दृष्टी थेट मंगळावर. तेव्हा पंचमेश अडचणीत आहे, पण त्याला धरून ठेवणारे तिघे आहेत.

मग कारक. गुरू मित्रराशीत आहे हे पाहिलेच. वृश्चिक ही सम रास, म्हणून सप्तमांश तिच्या सातव्या राशीपासून, वृषभेपासून मोजायचे. एक सप्तमांश साधारण 4 अंश 17 कलांचा. 9 अंशांवरचा गुरू तिसऱ्या सप्तमांशात येतो: वृषभ, मिथुन, कर्क. म्हणजे सप्तमांशात गुरू उच्च. गुरूपासून पंचम मीन, गुरूची स्वतःची रास, आणि तिच्यावर गुरूची पाचवी दृष्टी. तिथे पापग्रह नाही आणि कोणत्याही पापग्रहाची दृष्टीही नाही.

तिघांची गोळाबेरीज: स्थान मिश्र, स्थानेश पीडित पण सावरलेला, कारक चांगला. संततीचा योग आहे, थोडा उशीर किंवा एखादी काळजी संभवते. वेळ दशेवरून. चंद्र अश्विनीच्या उत्तरार्धात असल्याने जन्मतः केतूची दशा जेमतेम सव्वा वर्ष उरते, मग शुक्राची 20 आणि रवीची 6 वर्षे. चंद्राची महादशा 27 च्या सुमारास लागते. चंद्र लग्नेश आहे आणि पंचमेशाशी अन्योन्य योगात आहे. तिच्यात गुरूची अंतर्दशा वयाच्या साधारण 30 ते साडेएकतीस या काळात येते. विवाह आधी झाला असेल तर संततीसाठी मी याच काळावर बोट ठेवेन.

8. त्याच पत्रिकेत जोडीदाराचे काय? शुक्र तर अस्तंगत दिसतो.

इथे चित्र नेमके उलटे आहे. सप्तमात मकर, सप्तमेश शनी तुळेत उच्च आणि चतुर्थात, म्हणजे केंद्रात. स्थानेश फार बलवान. मंगळाची सातवी दृष्टी सप्तमावर आणि चौथी दृष्टी शनीवर आहे. म्हणून थोडा ताण, स्वभावातली धार. आपल्या नेहमीच्या भाषेत पत्रिका मंगळाची.

कारक शुक्र रवीपासून 5 अंशांवर आणि वक्री. वक्री शुक्र रवीपासून 8 अंशांच्या आत असेल तर तो अस्तंगत मानतात. त्यामुळे कारक स्पष्टपणे दुर्बळ. पण नवमांश काढून पाहा. सिंह राशीचे नवमांश मेषेपासून सुरू होतात आणि एक नवमांश 3 अंश 20 कलांचा. 6 अंश म्हणजे दुसरा नवमांश, वृषभ. शुक्र नवमांशात स्वराशीत आला. शुक्रापासून सप्तम कुंभ. तिचा स्वामीही तोच उच्चीचा शनी, पण तिच्यावर मंगळाची आठवी दृष्टी आहे, म्हणून तीही निर्दोष नाही.

अर्थ असा: विवाह होतो आणि टिकतो, कारण स्थानेश तोलामोलाचा आहे. अस्तंगत शुक्राचा परिणाम प्रेम व्यक्त करण्यावर, सहवासाच्या आनंदावर दिसू शकतो. शनी सप्तमेश असल्याने जोडीदार जबाबदार, कदाचित वयाने किंवा विचाराने मोठा. काळ पाहायचा तर रवी महादशेतली शेवटची अंतर्दशा शुक्राची, वर्षभराची, वयाच्या 26 ते 27 च्या सुमारास. रवी-शुक्र दोघे कुटुंबस्थानात एकत्र आहेत. विवाहासाठी हा काळ ठळक दिसतो.

एकाच पत्रिकेत संततीसाठी कारक चांगला आणि स्थानेश अडचणीत, तर जोडीदारासाठी स्थानेश चांगला आणि कारक अडचणीत. म्हणूनच सरसकट ‘पत्रिका चांगली’, ‘पत्रिका वाईट’ असे म्हणता येत नाही.

9. मुलीच्या पत्रिकेत पतीचा कारक गुरू की शुक्र?

दोन्ही मते प्रचलित आहेत. शुक्र हा विवाहाचा आणि दांपत्यसुखाचा कारक, तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू. स्त्रीच्या पत्रिकेत पती या व्यक्तीसाठी गुरू पाहायचा, हा दुसरा विचार. मला या दोन मतांत भांडण दिसत नाही. पती कसा, त्याचा स्वभाव, मान, विचार हे गुरूवरून पाहावे. संसारातले माधुर्य, आकर्षण, सुख हे शुक्रावरून. गुरू उत्तम आणि शुक्र पीडित असेल तर पती सज्जन पण संसारात ओलावा कमी, अशी तक्रार ऐकू येते.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त काढताना मुलीचे गुरुबळ आणि मुलाचे रविबळ पाहतात, त्याचे मूळही याच विचारात आहे. मुलीच्या जन्मराशीपासून गोचरीचा गुरू दुसरा, पाचवा, सातवा, नववा किंवा अकरावा असेल तर गुरुबळ आहे असे म्हणतात. चौथा, आठवा, बारावा गुरू टाळण्याकडे कल असतो. मात्र गुरुबळ हा गोचरीचा, मुहूर्ताचा विषय आहे. जन्मपत्रिकेतल्या गुरूची ताकद ही वेगळी गोष्ट. ‘यंदा गुरुबळ नाही’ म्हणजे मुलीचा गुरू वाईट, असे नाही.

10. संतती नवऱ्याच्या पत्रिकेतून पाहायची की बायकोच्या?

दोघांच्या. त्यासाठी शास्त्रात एक स्वतंत्र गणित आहे. पुरुषासाठी बीजस्फुट: रवी, शुक्र आणि गुरू यांचे स्पष्ट राश्यंश एकत्र करायचे. स्त्रीसाठी क्षेत्रस्फुट: चंद्र, मंगळ आणि गुरू यांचे. बेरीज 12 राशींपेक्षा जास्त झाली तर 12 ने वजा करत जायचे. बीजस्फुट विषम राशीत आणि विषम नवमांशात, तर क्षेत्रस्फुट सम राशीत आणि सम नवमांशात आले तर चांगले मानतात. दोन्ही बेरजांत गुरू आहे हे लक्षात घ्या. संततीचा कारक म्हणून तो दोन्हीकडे हवाच.

फक्त सुनेची पत्रिका घेऊन येणारे पुष्कळ सासू-सासरे असतात. मुलाची पत्रिका आणल्याशिवाय या प्रश्नाला हात घालू नये.

11. माझ्या लग्नाला गुरू ‘अकारक’ आहे असे सांगितले. मग तो संततीचा कारक कसा?

इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द चिकटला आहे. तूळ लग्नाला गुरू तृतीय आणि षष्ठ स्थानांचा स्वामी होतो, म्हणून त्या लग्नाला तो शुभ फळ देणारा मानत नाहीत. बोलताना त्यालाच ‘अकारक’ म्हणतात. हे स्वामित्वावरून ठरते. संततीचे नैसर्गिक कारकत्व त्यामुळे जात नाही.

वाचताना दोन्ही भूमिका वेगळ्या ठेवाव्यात. तूळ लग्नाला गुरूची दशा आली तर षष्ठेश म्हणून स्पर्धा, कर्ज, आजारपण यांचे विषय निघू शकतात आणि त्याच काळात संततीचा योगही जुळू शकतो. एकाने दुसरे पुसले जात नाही.

12. स्थानेश आणि कारक एकच ग्रह असेल तर?

सिंह लग्नाला पंचमात धनू, वृश्चिक लग्नाला पंचमात मीन, म्हणजे पंचमेश गुरूच. मेष लग्नाला सप्तमात तूळ, वृश्चिकेला सप्तमात वृषभ, म्हणजे सप्तमेश शुक्रच. वृश्चिक लग्नाला दोन्ही प्रकार एकदम होतात.

अशा वेळी प्रश्न 3 मधले तीन साक्षीदार दोनच उरतात. तो एक ग्रह चांगला तर दोन्ही बाजू चांगल्या, बिघडला तर दोन्ही बिघडल्या. म्हणून या लग्नांना नवमांश, सप्तमांश आणि कारकापासूनचे स्थान यांना एरवीपेक्षा जास्त वजन द्यावे. गुरूच्या अष्टकवर्गात गुरूपासून पाचव्या राशीत किती बिंदू आहेत हेही पाहावे. आठपैकी चार हा मध्यम मानतात, पाच किंवा अधिक असतील तर दिलासा.

13. पिता नवमावरून की दशमावरून? मतभेद आहेत, तर कारक मदत करतो का?

करतो, आणि चांगली करतो. आपल्याकडे पुष्कळ ज्योतिषी दशमस्थान पित्याचे मानतात, तर दक्षिणेत नवम. रवी मात्र दोघांनाही मान्य. रवी आणि रवीपासून नवम आधी वाचावे. मग नवम आणि दशम यांपैकी जे स्थान त्या वाचनाशी जुळते, त्यावर पुढचा विचार करावा. नवमात गुरूचे कारकत्वही आहे, पण ते धर्म, गुरुजन आणि भाग्यासाठी. वडिलांचा प्रश्न असताना नवमातला गुरू पाहून खूश होऊ नये. रवी कसा आहे ते विचारावे.

14. सॉफ्टवेअर ‘दाराकारक बुध’ दाखवते. मग जोडीदाराचा कारक शुक्र की बुध?

ती जैमिनी पद्धतीतली चर कारकांची यादी आहे. तिथे ग्रहाचे राशीतले अंश पाहतात. सर्वांत जास्त अंशांचा ग्रह आत्मकारक आणि सर्वांत कमी अंशांचा दाराकारक. त्यामुळे तो प्रत्येक पत्रिकेत वेगळा. काही जण सात ग्रह धरतात, काही राहूसह आठ, आणि राहूचे अंश उलटे मोजतात. म्हणून दोन सॉफ्टवेअरची यादीही जुळत नाही.

नैसर्गिक कारक विषय दाखवतो, चर कारक या विशिष्ट व्यक्तीचा रंग दाखवतो. शुक्रावरून वैवाहिक सुख पाहून झाले की जोडीदाराच्या व्यक्तिमत्त्वासाठी दाराकारकाकडे जाता येते. फक्त एकाच वाचनात अर्धा नियम इथला आणि अर्धा तिथला असे करू नये.

15. कारकाची महादशा आयुष्यात येतच नसेल, किंवा लहानपणीच संपली असेल तर?

प्रश्न 7 च्या पत्रिकेत शुक्राची महादशा वयाच्या सव्वा वर्षापासून एकवीसपर्यंत होती. विवाहाच्या वयाआधीच संपली. तरी काही अडत नाही. कारक अंतर्दशेतून काम करतो, आणि स्थानेशाच्या, स्थानातल्या ग्रहाच्या किंवा त्यांच्याशी युतीत असलेल्या ग्रहाच्या दशेतही घटना घडते. दशा अनुकूल असताना गोचरीचे गुरू आणि शनी दोघेही संबंधित स्थानाशी किंवा स्थानेशाशी युतीने वा दृष्टीने जोडले गेले, तर तो काळ पक्का धरावा. दोघांपैकी एकच जोडला असेल तर मी थांबायला सांगतो.

16. कारक दुर्बळ आहे, तर त्याचे रत्न घालू का? गुरूसाठी पुष्कराज सुचवला आहे.

घाई करू नका. रत्न ग्रहाला बळ देते असे मानले, तर ते त्याच्या सगळ्या भूमिकांना बळ देते. कर्क लग्नाला गुरू भाग्येश आहे तसा षष्ठेशही आहे. तूळ लग्नाला तर तृतीयेश आणि षष्ठेश. संततीसाठी पुष्कराज घालायचा आणि षष्ठाचे विषय वाढवायचे, असे होऊ शकते. म्हणून फक्त नैसर्गिक कारक दुर्बळ आहे एवढ्या आधारावर मी रत्न सुचवत नाही. जप, गुरुवारचे व्रत, हरभऱ्याच्या डाळीचे दान यात तो धोका नाही आणि खर्चही नाही. रत्नाचा विचार करायचाच असेल तर लग्नाला तो ग्रह शुभ स्वामी आहे का, हे आधी तपासून घ्या.